केसांचा खरा नंबर: मानेवरची बट, मोकळी सावली आणि शेड कार्ड

प्रश्न: ताई, माझे केस कमरेपर्यंत आहेत, रंग कधी केला नाही. मेंदी लावायचे, पण मागच्या आठ महिन्यांत लावलेली नाही. कॉस्मेटिकच्या दुकानातून शेड कार्ड मागून आणलं. रात्री ट्यूबलाईटखाली धरलं तर माझा नंबर १ दिसतो, दुपारी अंगणात उन्हात धरलं तर शेंड्यांशी ४ जुळतो. बहिणीच्या लग्नाआधी ५ नंबरचा डबा लावायचा विचार आहे. तालुक्याचं पार्लर लांब पडतं. घरीच खरा नंबर कसा काढायचा?

उत्तर:

तुझा नंबर १ नसावा आणि ४ तर नाहीच. तू लिहिलंस त्यावरून तो २ किंवा ३ असेल. त्या दोघांतला नेमका कोणता, ते तुला घरच्या घरी एका सकाळीत कळू शकतं. दोन्ही वेळा आकडा चुकला, पण दोन्ही वेळची कारणं वेगळी होती. ती आधी समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कार्ड कुठे आणि कधी धरायचं हे कुणाला विचारावं लागणार नाही.

हा नंबर म्हणजेच लेव्हल, आणि लेव्हल म्हणजे केस किती गडद आहेत एवढंच. लालसर, सोनेरी, राखाडी ही सगळी रंगाची झाक झाली, तिचा लेव्हलशी संबंध नाही. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिकट, पिवळट. आपल्याकडच्या डोक्यांचं काम बहुतेक १ ते ४ मध्येच संपतं. १ काळा, २ इतका गडद तपकिरी की नुसतं पाहिलं तर काळाच वाटावा, ३ गडद तपकिरी, ४ मध्यम तपकिरी. ५ म्हणजे फिकट तपकिरी, तो जन्मजात असलेली बाई आपल्या भागात क्वचितच दिसते. कार्डावर ६ पासून 'ब्लोंड' अशी नावं सुरू होतात. त्यातला 'डार्क ब्लोंड' आपल्या डोळ्याला चक्क तपकिरीच दिसतो, म्हणून कार्डावरची नावं वाचतच बसू नकोस, आकडा वाच. आकड्यात दशांश असेल तर फक्त त्याच्या आधीचा अंक घे. बरगंडीच्या डब्यावर ३.१६ लिहिलेलं असतं, त्यात ३ ही लेव्हल आणि पुढचं सगळं झाक. नंबर काढताना कार्डावरच्या बरगंडी, महोगनी, कॉपर या बटा झाकून टाक. नुसता पूर्ण अंक असलेल्या किंवा शून्य जोडलेल्या साध्या बटाच तुझ्या कामाच्या.

माझ्या पार्लरमध्ये खुर्चीत बसणाऱ्या निम्म्या बाया म्हणतात, "माहे केस त कायेकुट्ट हाय, त्याचा नंबर काय पाहता?" पाहिलं तर त्यातल्या बऱ्याच जणी २ किंवा ३ निघतात. खरा १ वाटतो त्यापेक्षा कमी सापडतो. आणि सगळा घोळ या १-२-३ मध्येच असतो, कारण तिघंही लांबून काळेच दिसतात. गोऱ्या लोकांच्या देशात ६ की ८ हे खिडकीपाशी उभं राहून सहज कळतं. आपल्याला मात्र गडदातला गडद ओळखायचा असतो, त्याला उजेड चांगला लागतो.

आता तुझी ट्यूबलाईट. घरातल्या एका ट्यूबचा उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, पण गडद रंगांतला फरक डोळ्याला कळायला तो फार कमी पडतो. कमी उजेडात २ आणि ३ दोन्ही गडप होऊन १ सारखे दिसतात. त्यात स्वस्त एलईडीच्या पांढऱ्या उजेडात तांबडा भाग कमी असतो आणि केसातला तपकिरीपणा तर त्या तांबड्यावरच ओळखू येतो. तू म्हणशील, कार्डही त्याच ट्यूबखाली होतं, मग दोघांना सारखाच उजेड मिळाला ना? मिळाला, पण कार्डावरच्या बटा बहुतेक वेळा नायलॉनच्या असतात आणि कारखान्यात रंगवलेल्या असतात. तुझ्या केसातला रंग वेगळ्या द्रव्याचा. दोन वेगळ्या द्रव्यांनी आलेले रंग एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्या उजेडात आले की फाकतात. लग्नाचा ब्लाऊजपीस दुकानातल्या दिव्यात जुळवून आणलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. म्हणून उजेड दिवसाचाच हवा, कारण लोक तुझे केस शेवटी दिवसाच पाहणार.

मग उन्हात का नाही? उन्हात उजेड इतका जोरदार असतो की तो केसाच्या आत शिरून बाहेर येतो आणि आतला तपकिरी-लाल रंग पेटल्यासारखा दिसतो. २ नंबरचे केसही कडक उन्हात ३-४ वाटतात. मेंदीचे अंश असतील तर विचारूच नको. शिवाय नायलॉनची बट उन्हात वेगळी चमकते आणि केस वेगळे चमकतात, म्हणजे तुलना तिथेच फसली. आणि तू पाहिलेस शेंडे. कमरेपर्यंतच्या केसांचे शेंडे म्हणजे काही वर्षांचं ऊन खाल्लेला भाग. उन्हातली अतिनील किरणं केसातला रंग हळूहळू तोडतात, म्हणून निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बायांचे शेंडे आणि कपाळावरच्या बटा तांबूस होतात. रुमाल बांधलेला असला तरी वेणी बाहेर लोंबतेच. तो तांबूस ४ हा तुझ्या केसांचा जन्मजात नंबर नाही, उन्हाने फिका केलेला आहे.

तेव्हा हवी ती मोकळी सावली, म्हणजे अंगावर ऊन नाही पण समोर भरपूर आभाळ दिसतं अशी जागा. घराचं दार उत्तरेला असेल तर सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास उंबऱ्याशी उभं राहणं सगळ्यात चांगलं. दार दुसऱ्या दिशेला असेल तर सपरीत अशा वेळी जा की ऊन सपरीच्या बाहेर असेल. उन्हाळ्यात आपल्याकडे दहालाच अंगण डोळे दिपवतं, त्या दिवसांत साडेआठ-नऊलाच उरकून घे. सूर्य उगवल्यावरचा पहिला दीड-दोन तास आणि संध्याकाळ सोडून दे, तो उजेड तांबडा असतो. पावसाळ्यातला पातळ ढगांचा दिवस तर फारच छान, त्या दिवशी अंगणातही पाहता येतं. फक्त आभाळ अंधारून आलेलं नको.

जागा निवडताना आजूबाजूला काय आहे हेही पाहा. नीळ टाकून पोतलेली भिंत हातभर अंतरावर असेल तर तिचा निळा उजेड केसांवर पडतो, विटांची उघडी भिंत असेल तर लाल. कडुलिंबाखाली हिरवट उजेड येतो आणि निळ्या ताडपत्रीखाली तर कार्ड उघडूच नकोस. लाल माती किंवा सारवलेलं अंगण ऊन खात असेल तर तेही खालून रंग फेकतं. खांद्यावर पांढरा टॉवेल किंवा धुतलेलं पांढरं धोतर टाकून घे, हळदीकुंकवाची पिवळी साडी नेसून पाहू नकोस. घरातले दिवे बंद कर. आणि उन्हातून आल्या आल्या पाहू नकोस, डोळे सावलीला सरावायला पाच मिनिटं दे. उन्हात काळा होणारा चष्मा असेल तर तो काढ.

केसांची तयारी आदल्या दिवशी करायची. तेल लावलेले केस गडद दिसतात आणि ओलेही, म्हणून दोन्ही चालत नाहीत. आपल्याकडे केस रोज तेलाने चोपडलेले असतात, एका शाम्पूने ते निघत नाही, दोनदा लाव. शिकेकाई-रिठा त्या दिवशी नको, त्याचा बारीक थर केसांवर राहतो. बोअरवेलचं पाणी जड असतं आणि त्याच्या क्षारांनी केस निस्तेज, मातकट दिसतात, म्हणून शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या कॅनचं पाणी ओत. मग रात्रभर मोकळे ठेवून पूर्ण वाळव. सकाळी सीरम, तेल, जेल काहीही न लावता फणी फिरव.

आता बट. डोक्यावर सगळ्यात विश्वासाची जागा म्हणजे मानेच्या वरचा, केसांच्या आतला थर. तिथे ऊन पोचत नाही आणि मेंदीही बहुतेक घाईत नीट पोचलेली नसते. मान खाली घालून वरचे केस क्लिपने बांध, आतल्या थरातून पेन्सिलीएवढ्या जाडीची एक बट वेगळी कर. पाहायची ती मुळापासून बोटाच्या दोन पेरांएवढीच. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तुझी आठ महिन्यांची मेंदीविना वाढ आठ सेंटिमीटरच्या आसपास असेल, त्यामुळे मुळाशी तुला निखळ केस मिळतील. हे तू स्वतः पाहू शकणार नाहीस. बहिणीला किंवा वहिनीला बोलव आणि तिला तुझ्या मनातला आकडा सांगू नकोस. सांगितलास की तिला तोच दिसेल.

बट पिळायची नाही, जाड धरायची नाही. कोरा चहा कपात काळा दिसतो आणि बशीत ओतला की लाल, तसंच केसांचं आहे. जाड बटेत २ पण काळा आणि ३ पण काळा. दोन बोटांत धरून पंख्यासारखी पातळ पसरव आणि आभाळाकडे जरा उचलून पाहा. खरा १ असेल तर पातळ करूनही काळाच राहतो, कडेच्या एकट्या केसातही तपकिरीपणा दिसत नाही. २ मध्ये पसरलेल्या भागाच्या कडा गडद तपकिरी होतात पण मधला भाग काळा राहतो. ३ मध्ये पसरल्याबरोबर पूर्ण बट तपकिरी दिसते. ४ ओळखायला पसरायची गरजच लागत नाही, सावलीतही तो सरळ तपकिरी असतो. हा पहिला अंदाज, यानंतरच कार्ड घ्यायचं.

कार्डावरची बटही तशीच पातळ पसरव, नाहीतर पसरलेले केस आणि कार्डाचा जाड गुच्छ यांची तुलना होते आणि नंबर फिका निघतो. घरी पाहणाऱ्यांचं सगळ्यात जास्त फसतं ते इथे. कार्डाची बट मुळाजवळच्या केसांवर आडवी ठेव, दोन्ही एकमेकांना टेकले पाहिजेत, मध्ये कागद किंवा कातडी दिसायला नको. मग एकदम बरोबर वाटणाऱ्या आकड्याने सुरुवात न करता दोन्ही टोकांनी आत ये. आधी ५ ठेव, तो फार फिका आहे हे कुणालाही कळेल. मग १ ठेव, मग ४, मग २. शेवटी दोनच बटा उरतात. त्या दोघांतली कोणती, हे डोळे बारीक करून पाहायचं. पापण्या निम्म्या मिटल्या की लालसर-पिवळसर झाक पुसट होते आणि फक्त गडद-फिकट उरतं. जी बट केसांत मिसळून तिची कडा हरवते, तो तुझा नंबर. दोघींच्याही कडा दिसत असतील, एक जरा फिकी आणि एक जरा गडद, तर तू मध्ये आहेस. तेव्हा गडद आकडा धर. फिका धरलास तर डब्याकडून नको तेवढी अपेक्षा करशील.

डोळ्यावर भरवसा नसेल तर मोबाईलचा एक उपयोग आहे. कार्डाच्या दोन बटा केसांवर ठेवून, त्याच सावलीत, फ्लॅश बंद करून एकाच फोटोत दोन्ही घे आणि फोटो काळापांढरा कर. रंग गेला की फक्त गडदपणा राहतो आणि जुळणारी बट कोणती ते चटकन दिसतं. ब्युटी मोड बंद असू दे. पण एकटा केसांचा फोटो काढून मोबाईलमधल्या चार्टशी लावू नकोस. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, तिचा ब्राइटनेस बदलला की ३ चा ५ होतो आणि रात्रीचा पिवळा मोड चालू राहिला असेल तर सगळंच गेलं. तोच चार्ट गावातल्या झेरॉक्सवर रंगीत काढून आणला तरी चालत नाही, प्रिंटरचा तपकिरी त्याचा स्वतःचा असतो. डब्याच्या झाकणावरची छापील चित्रंही अंदाजापुरतीच.

तू आणलेलं कार्ड मात्र बटांचं आहे, ते बरं. फक्त दोन गोष्टी पाहा. दुकानाच्या काचेत उन्हात टांगलेलं जुनं कार्ड असेल तर त्याच्या बटा उतरलेल्या असतात, वरची उघडी बाजू आणि घडीतली आतली बाजू सारखी दिसते का ते ताडून घे. आणि कार्ड ज्या कंपनीचं, नंबर त्या कंपनीपुरता खरा. एकीचा ३ दुसरीच्या ४ च्या जवळ जाऊ शकतो. डबा वेगळ्या कंपनीचा घेणार असशील तर कार्डही तिचंच मिळव. जिल्ह्याच्या गावी पार्लरचं सामान विकणाऱ्या दुकानात ते दाखवतात.

हीच पद्धत टाळूवर आणि कानशिलावर पुन्हा कर आणि तिन्ही आकडे कागदावर लिही. ते वेगवेगळे येतील, घाबरू नकोस. एक उदाहरण सांगते. आर्वीकडच्या एका खेड्यातल्या अंगणवाडीताई मुलाच्या मुंजीआधी माझ्याकडे आल्या होत्या. घरी कार्ड लावून त्यांनी आपला नंबर ४ ठरवला होता आणि ५ लावून द्या म्हणत होत्या. केस खांद्याच्या खाली वीतभर, मेंदी अधूनमधून, कपाळाशी थोडे पांढरे. पार्लरच्या दारात, सावलीत, मानेच्या आतली बट पसरली तर कडा तपकिरी आणि मध्ये काळं, कार्डावर २ ची कडा पूर्ण हरवत होती. टाळूवर २ आणि ३ च्या मध्ये, कारण भांगावर रोजचं ऊन. शेंड्यांना ४, तोही नारिंगी. त्यांनी घरी वेणी पुढे घेऊन उन्हात पाहिलेलं, म्हणून ४. कपाळाशी तर त्यांना ५ वाटला होता, कारण काळ्यात मिसळलेले पांढरे केस लांबून एकत्र होऊन फिके दिसतात. पांढरे बाजूला करून नुसते रंग असलेले केस पाहिले तर तिथेही ३ च होता. म्हणजे त्यांचा जन्मजात नंबर २, आणि शेंडे तेवढे वेगळे.

आता २ वर ५ लावलं असतं तर काय झालं असतं, हे तुझ्यासाठीही महत्त्वाचं. घरी लावायच्या डब्यांत रंगात कालवायला जो डेव्हलपर येतो, त्यात बहुतेक ६ टक्के पेरॉक्साईड असतं, त्याला २० व्हॉल्यूम म्हणतात. ते नैसर्गिक केस एक, फार तर दोन लेव्हल फिके करतं. २ वरून ३, कदाचित ४, त्याच्या पुढे नाही. आणि काळे केस जसजसे फिके होतात तसा आधी आतला लाल रंग बाहेर येतो, मग नारिंगी, मग पिवळा. म्हणून डब्यावरच्या मुलीसारखा मऊ फिकट तपकिरी न येता मुळाशी लालसर गडद तपकिरी येतो. त्यातही टाळूच्या उबेने मुळाशी रंग जास्त काम करतो, म्हणून मुळाचा अंगुळभर भाग सगळ्यात लाल दिसतो. शेंडे आधीच ४ चे, ते आणखी फिके होतात. एका डोक्यावर तीन रंग. या ताईंना आम्ही ४ चा साधा शेड दिला, आधी मधल्या लांबीवर, मुळांवर शेवटी, आणि शेंड्यांना अगदी थोडा वेळ. सावलीत गडद तपकिरी आणि उन्हात लालसर असा रंग आला. २ वरून त्याहून जास्त फिका हवा असेल तर ब्लीच लागतं आणि ते काम घरात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्या बाबतीत मानेवर ३ आला तर ४ ठीक आहे, ५ सुद्धा थोडाफार जवळ जाईल, पण लालसरच. २ आला तर ५ चा डबा परत ठेव. मेंदीने लेव्हल बदलत नाही, ती काळ्या केसांवर फक्त लाल झाक चढवते, पण तुझ्या खालच्या लांबीवर ती अजून असणार. म्हणून तिथला आकडा डोळे बारीक करूनच पाहा, नाहीतर लालपणा फसवून एक लेव्हल फिका दाखवेल.

काळ्या मेंदीचं मात्र वेगळं आहे. ती तू लावली असशील आणि साधी मेंदी म्हणून विसरली असशील तर आठवून पाहा. काळ्या मेंदीत बहुतेक केमिकल डायच असतो, आणि तो लावलेला भाग उचलून पसरला तरी सपाट काळा राहतो, तपकिरी कड येतच नाही. तो १ नाही, तो लावलेला रंग आहे. ओळखायचं कसं? मुळापासून खाली बोट नेत जा, एका जागी तपकिरी संपून सपाट काळं सुरू होईल, ती रेघ म्हणजे काळ्या मेंदीची हद्द. नंबर तिच्या वरचाच घ्यायचा. रेघेखालच्या भागावर फिका डबा लावून काही होणार नाही, रंगावर रंग लावून केस फिके होत नाहीत. बाजारातल्या काही सुट्या पावडरींत धातूचे क्षारही असतात आणि त्यांच्यावर पेरॉक्साईड पडलं की केस तापून तुटू शकतात. अशी पावडर लावली असशील तर डबा आणूच नकोस.

आकडा मिळाल्यावर तो खरा की खोटा हे पडताळायचं असेल तर मानेच्या त्याच आतल्या जागेवरून पेन्सिलीएवढी एक बट घे आणि डब्यातला थोडा रंग काचेच्या वाटीत दिलेल्या प्रमाणात कालवून फक्त तिला लाव. प्लास्टिकचं झाकणही चालेल, स्टीलची वाटी नको. डब्यावर लिहिलेला वेळ ठेव, धू, वाळव आणि पुन्हा त्याच सावलीत कार्ड धर. २ असशील तर ही बट ३-४ च्या पुढे जाणार नाही, ३ असशील तर ४-५ कडे सरकेल. बट आलेल्या रंगासकट मानेखाली लपून राहते, कुणाला दिसत नाही. उरलेला कालवलेला रंग फेकून दे, झाकण लावून ठेवायचा नाही. हे करण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रंगाचा ठिपका लावून ४८ तास खाज, सूज येते का ते पाहायचं, यात सूट नाही. काळ्या मेंदीने आधी कधी खाज आली असेल तर डबा लावूच नकोस, आधी त्वचेच्या डॉक्टरला दाखव.

ढग असतील-नसतील, येत्या रविवारी सकाळी दाराशी बसून बघ. मान, टाळू, कानशील असे तीन आकडे आणि कार्ड कोणत्या कंपनीचं ते मला कळव. लग्न किती दिवसांवर आहे तेही लिही, कारण मानेवर २ निघाला तर शेड बदलायला आणि पुन्हा एक बट करून पाहायला आठवडा तरी हातात हवा.